फोन हळू चार्ज होतोय? बॅटरी बदलण्याआधी व्होल्ट, अँपिअर आणि वॉट तपासा

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "बॅटरी गेली बहुतेक, बदलून द्या." फोन रात्रभर लावला तरी सकाळी साठ-सत्तर टक्केच, म्हणून बॅटरी गेली असं गिऱ्हाईक आधीच ठरवून येतं. अशा बहुतेक फोनमध्ये बॅटरीला काहीही झालेलं नसतं. तिच्यापर्यंत वीज पुरेशी पोचतच नाही, आणि ती कुठे अडते हे शोधायला फोन उघडावा लागत नाही. व्होल्ट, अँपिअर आणि वॉट म्हणजे काय एवढं समजलं की हा तपास घरबसल्या करता येतो.

लक्षणं कोणती?

हा लेख पुढच्या तक्रारींसाठी आहे. पूर्वी दीड-दोन तासांत भरणारा फोन आता पाच-सहा तास घेतो. स्क्रीनवर Charging slowly असं येतं, किंवा फास्ट चार्जिंगचं चिन्ह पूर्वी यायचं ते आता येत नाही. चार्जिंगला लावून व्हिडिओ बघितला तर टक्के वाढण्याऐवजी उतरतात. पिन थोडी वाकडी धरली तरच चार्जिंग होतं. किंवा एका चार्जरवर फोन सुसाट आणि दुसऱ्यावर रडतखडत, दोन्हीवर आकडे सारखेच छापलेले असूनही.

फोन अजिबात चार्जच होत नसेल, किंवा पूर्ण भरून तासाभरात रिकामा होत असेल, तर तो आजार वेगळा. दुसऱ्या प्रकारात बॅटरी खरंच थकलेली असू शकते. इथे प्रश्न फक्त मंद चार्जिंगचा आहे.

आधी पाइप समजून घेऊ

गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिथून पाइप खाली आलाय आणि तळमजल्यावर नळ आहे. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. हा दाब म्हणजे व्होल्ट. नळ उघडल्यावर मिनिटाला किती लिटर पाणी येतं, तो प्रवाह म्हणजे अँपिअर. त्या पाण्याने चाक फिरवायचं म्हटलं तर ते किती जोरात फिरेल हे एकट्या दाबावर ठरत नाही की एकट्या प्रवाहावर. दोन्हींचा गुणाकार लागतो, आणि तो गुणाकार म्हणजे वॉट.

```
V × A = W
5 V × 2 A = 10 W
9 V × 2 A = 18 W
```

वरच्या दोन ओळींत अँपिअर सारखेच आहेत, पण दुसरा चार्जर जवळजवळ दुप्पट काम करतो. म्हणून "दोन अँपिअरचा चार्जर द्या" ही मागणी अर्धवट आहे. दोन अँपिअर खरे, पण किती व्होल्टवर?

पाइपमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा अरुंदपणा. विजेच्या तारेत याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आता मंद चार्जिंगच्या जवळपास प्रत्येक तक्रारीचं मूळ ज्या मुद्द्यात आहे तो नीट बघा. नळ बंद असताना पाइप जाड असो की बारीक, नळापाशी दाब सारखाच असतो, कारण पाणी वाहतच नसतं. नळ उघडला की बारीक पाइप दाब खायला लागतो, आणि जितकं जास्त पाणी ओढाल तितका जास्त खातो. घरातला एक नळ चालू असताना दुसरा उघडला की पहिल्याची धार बारीक होते ती यामुळेच. म्हणून केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावून "पाच व्होल्ट दाखवतोय, केबल चांगली आहे" असं कुणी म्हणालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तो दाब नळ बंद असतानाचा आहे. फोन वीज ओढत असताना किती व्होल्ट उरतात, ते बघायचं.

नळ इथे कोण? नळ म्हणजे फोन. चार्जर अँपिअर ढकलत नाही, फोन त्याला हवे तितके ओढून घेतो. त्यामुळे तीन अँपिअरचा चार्जर लावला म्हणून एक अँपिअरवाला जुना फोन जळत नाही. टाकी मोठी असली तरी नळ जेवढा उघडाल तेवढंच पाणी येणार. धोका जास्त दाबाचा असतो. पाच व्होल्टसाठी बनवलेल्या वस्तूवर थेट बारा व्होल्ट आदळले तर ती जाईल. फास्ट चार्जर ९ किंवा १२ व्होल्ट देतो तेव्हा तो आपणहून देत नाही. सुरुवात ५ व्होल्टवर होते, फोन आणि चार्जर यांची केबलमधून बोलणी होतात, आणि फोनने मागितलं तरच दाब वाढतो. ही बोलणी फिसकटली की दोघेही मुकाट्याने ५ व्होल्टवर राहतात. फोन चार्ज होतो, पण हळू.

फोन हा शहाणा नळ आहे. आत येणारा दाब एका मर्यादेखाली, बऱ्याच फोनमध्ये साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास, उतरायला लागला की तो स्वतःच नळ थोडा बंद करतो. चार्जर कोसळू नये म्हणून ही सोय असते. त्यामुळे केबल खराब झाली तरी चार्जिंग तुटत नाही, नुसतं मंदावतं, आणि माणूस बॅटरीवर संशय घेतो.

इथपर्यंत पाणी आणि वीज सारखी वागतात. पण पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, तार कापली तर वीज सांडत नाही, वाहणंच थांबतं. एवढा फरक लक्षात ठेवून तपासाला लागू. क्रम फुकटापासून खर्चाकडे आहे, तो मोडू नका.

१. फोन स्वतःच हळू घेतोय का?

याला पैसे लागत नाहीत. चार्ज ३० टक्क्यांच्या आसपास असताना, स्क्रीन बंद करून, कव्हर काढून, पंख्याखाली फोन पंधरा मिनिटं लावा आणि किती टक्के वाढले ते बघा.

३० टक्के अशासाठी की लिथियमची बॅटरी भरत आली की प्रवाह मुद्दाम कमी केला जातो. ८० टक्क्यांच्या पुढे सगळेच फोन मंदावतात, तो दोष नव्हे. ८० ते १०० मोजून "अर्धा तास झाला, वीसच टक्के" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. कव्हर आणि पंखा उष्णतेसाठी. बॅटरी चाळिशीच्या पुढे तापली की फोन प्रवाह कापतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा चालू ठेवून चार्ज करणाऱ्यांचा फोन रखडतो तो याच कारणाने, आणि नवी बॅटरी घातली तरी रखडणारच.

सेटिंग्जमध्ये बॅटरी सुरक्षेच्या नावाखाली ८० टक्क्यांवर थांबणारी किंवा रात्री सावकाश चार्ज करणारी सोय चालू आहे का, तेही याच वेळी बघा. अपडेटनंतर ती आपोआप चालू झालेली सापडते.

स्क्रीन बंद असताना चार्जिंग व्यवस्थित होत असेल तर तपास इथेच संपला. फोन वापरात असतानाचा खर्च आत येणाऱ्या विजेला खातोय, एवढंच.

२. वीज कुठून घेताय?

टीव्हीच्या मागचं, लॅपटॉपचं, सेट-टॉप बॉक्सचं यूएसबी भोक हे चार्जिंगसाठी नसतं. जुन्या पद्धतीचं यूएसबी २ पोर्ट नियमाने ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर देतं, म्हणजे २.५ वॉट. निळ्या जिभेचं यूएसबी ३ असेल तर ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॉट. स्क्रीन आणि नेट चालू असलेला फोन दोन-अडीच वॉट सहज खातो, म्हणजे यूएसबी २ वर शिल्लक शून्य.

दोन-तीन भोकांच्या चार्जरचंही असंच. एकटा फोन लावला तर पूर्ण वॉट, दुसरी वस्तू लावली की अनेक चार्जर दोन्हीकडे ५ व्होल्टवर उतरतात. शेजारी इयरफोनची डबी लावलेली असली तरी. तेव्हा भिंतीतल्या सॉकेटवर एकटा फोन लावून बघा.

एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र विनाकारण संशय घेऊ नका. १८ वॉटचा चार्जर २३० व्होल्टच्या लाइनवरून पाव अँपिअरही ओढत नाही. बोर्ड तापत असेल किंवा ठिणग्या दिसत असतील तर तो जरूर बदला, पण त्याचं कारण सुरक्षितता आहे, चार्जिंगचा वेग नाही.

३. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा

चष्मा लावा, नाहीतर फोटो काढून मोठा करा. चार्जरवर INPUT आणि OUTPUT अशा दोन ओळी असतात. INPUT सोडून द्या, ती भिंतीकडची बाजू. आपल्या कामाची OUTPUT.

```
OUTPUT: 5V⎓3A / 9V⎓2A
```

याचा अर्थ हा चार्जर दोन दाब देऊ शकतो: ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॉट, किंवा ९ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत, म्हणजे १८ वॉट. एकावेळी यातलं एकच, बेरीज करायची नाही. नुसतं 5V⎓1A लिहिलेलं असेल तर तो ५ वॉटचा जुना चार्जर आहे आणि ५००० एमएएचचा फोन त्याच्यावर पाच-सहा तास घेणारच. घरातल्या ड्रॉवरमध्ये असले बरेच निघतात, आणि चुकून तोच हाती लागलेला असतो.

इथे एक गोंधळ होतो. चार्जरवर ६५ वॉट लिहिलंय आणि फोनही ६५ वॉटचा आहे, तरी चार्जिंग मंद! कारण बोलणीची भाषा वेगळी. काही कंपन्यांनी स्वतःची पद्धत बनवलेली असते आणि ती त्यांच्याच चार्जर-केबलवर चालते. लॅपटॉपचा भला मोठा टाइप-सी चार्जर अशा फोनला लावला तर भाषा न जुळल्यामुळे फोन ५ व्होल्टवर, नाहीतर मधल्याच कुठल्या तरी आकड्यावर थांबतो. फोनसोबत आलेला चार्जर अजून असेल तर तपासापुरता तोच वापरा.

नवा घेणार असाल तर चार्जरवर बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक BIS Care या अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी खरी आहे का ते कळतं. डुप्लिकेट चार्जरवरचे अँपिअर हे बऱ्याचदा छापखान्यातच तयार झालेले असतात.

चार्जिंगला लावल्यावर टच वेडावाकडा चालत असेल, टाइप करताना भलतीच अक्षरं उमटत असतील आणि पिन काढल्यावर सगळं ठीक होत असेल, तर तोही दोष बहुतेक वेळा चार्जरचाच. तो नीट गाळलेली वीज देत नाही. स्क्रीन बदलायला जाऊ नका.

४. केबल

सगळ्यात जास्त गुन्हेगार इथे सापडतात, म्हणून जरा थांबून बघू.

सोपी चाचणी म्हणजे चार्जर तोच ठेवून केबल बदलायची. शेजाऱ्याची चालेल, पण आखूड आणि जाड, चालू असल्याची खात्री असलेली. वेग वाढला तर दोष सापडला. फास्ट चार्जिंगचं चिन्ह परत आलं तर शंभर टक्के सापडला.

कारण समजायला केबलच्या अंगावरची छपाई उजेडात धरून वाचा. काही केबलींवर असं लिहिलेलं असतं:

```
28AWG/1P + 24AWG/2C
```

पहिला आकडा डेटाच्या तारांच्या जोडीचा, दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. हा आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ नंबरची एक मीटर तांब्याची तार साधारण ०.२१ ओहम रोध देते, २४ नंबरची ०.०८ च्या आसपास. वीज जाते आणि परत येते, म्हणून दुप्पट धरायचं: एक मीटर केबलला २८ नंबरमध्ये ०.४३ ओहम, २४ नंबरमध्ये ०.१७.

आता हिशोब करू. चार्जर ५.१ व्होल्ट देतोय आणि फोन ४.४ च्या खाली उतरू देत नाही. म्हणजे वाटेत खायला ०.७ व्होल्टच आहेत. त्याला रोधाने भागलं की जास्तीत जास्त अँपिअर निघतात.

```
1 m, 28AWG:  0.7 ÷ 0.43 = 1.6 A
3 m, 28AWG:  0.7 ÷ 1.28 = 0.55 A
3 m, 24AWG:  0.7 ÷ 0.50 = 1.4 A
```

मधली ओळ बघा. पलंगावर आरामात पडून वापरता यावा म्हणून घेतलेली तीन मीटरची स्वस्त, बारीक केबल. ५ व्होल्टचा चार्जर कितीही दमदार लावा, फोनला अर्धा अँपिअर आणि अडीच वॉटच मिळणार. केबल तुटलेली नाही, नवीकोरी आहे, तरीही. स्वस्त केबलमध्ये आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियमही असतं, त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणजे हा आकडा आणखी घसरतो. बाहेरून कापडी वेणी गुंफलेली दिसली म्हणून आत तार जाड असेल असं समजू नका.

फास्ट चार्जिंगसाठी दाब का वाढवतात हेही आता लक्षात येईल. १८ वॉट ५ व्होल्टवर न्यायचे तर ३.६ अँपिअर लागतील, ९ व्होल्टवर दोनच. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून दाब वाढवून प्रवाह कमी ठेवणं तारेला मानवतं. काहींनी उलटा मार्ग धरला. ओप्पोचं सुरुवातीचं वूक चार्जिंग ५ व्होल्टवरच होतं, पण ४ अँपिअरने, आणि त्यासाठी केबलही खास जाड दिलेली होती. अशा फोनला साधी केबल लावली की वेग नेहमीच्या पातळीवर येतो. टाइप-सी टू टाइप-सी केबलमध्येही ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलच्या पिनमध्ये ओळख सांगणारी छोटी चिप लागते. ती नसेल तर चार्जर त्यापुढे जातच नाही.

केबल वापरून खराब होते ती नेहमी पिनच्या मानेशी. तिथे वाकून वाकून आतले बारीक धागे एकेक करून तुटतात. सगळे तुटेपर्यंत चार्जिंग चालू राहतं, पण उरलेल्या चार धाग्यांवर. अर्ध्या तासाने मान हाताला गरम लागली तर केबल टाकून द्या. चिकटपट्टी गुंडाळून काही उपयोग नाही.

५. पोर्टमधली घाण

केबल बदलूनही फरक नाही? मग फोनचं भोक बघा. पिन खुटकन आवाज करून बसते का? ती पूर्ण आत न जाता थोडी फट राहते का? सैल हलते का?

खिशात राहणाऱ्या फोनमध्ये कपड्याचा तंतू आणि धूळ रोज थोडी थोडी आत जाते आणि प्रत्येक वेळी पिन घालताना ती तळाशी ठासली जाते. दोन-चार वर्षांच्या फोनमधून काढली तर करड्या रंगाची घट्ट चकती निघते, भोकाच्याच आकाराची. तिच्यामुळे पिन शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर आत जात नाही. संपर्क अर्धवट राहतो, आणि अर्धवट संपर्क म्हणजे पाइपच्या तोंडाशीच अरुंद जागा. एक मीटरच्या २८ नंबर केबलला तिथला ०.४ ओहम आणखी जोडला तर वरचा १.६ अँपिअर ०.८५ वर येतो. शिवाय उष्णता सगळी त्या एका ठिपक्यावर साठते.

साफ करायचं असं: फोन पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करून भोकाच्या कडेकडेने फिरवा आणि घाण बाहेर ओढा. टाइप-सीच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिला धक्का लावायचा नाही, सगळे संपर्क तिच्यावरच आहेत. सुई, टाचणी, केसाची पिन नको. जीभ खरवडली की साफसफाई फुकटात न राहता जॅक बदलण्यावर जाते. फुंकूही नका, तोंडातली वाफ आत जाते.

कोकणात पावसाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. संपर्कांवर हिरवट-काळा थर चढतो, विशेषतः ओल्या हातांनी किंवा घामेजल्या खिशातून काढून लगेच चार्जिंगला लावणाऱ्यांच्या फोनमध्ये. ओल असताना वीज आली की धातू झिजतो. फोनने ओलाव्याची सूचना दाखवली तर ती खोटी समजून पुन्हा पुन्हा पिन घालू नका. कोरड्या जागी, पोर्ट खाली करून काही तास राहू द्या. तांदळाच्या डब्यात घालायची गरज नाही, पिठाची धूळ मात्र आत जाते.

६. छोटा यूएसबी मीटर

इथून पुढे थोडा खर्च. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसतो आणि व्होल्ट-अँपिअर दोन्ही दाखवतो. टाइप-सीचा घ्या. साधा मीटर घेतला तर फास्ट चार्जिंगची बोलणी त्याच्यातून जातात का ते विचारून घ्या.

त्याने दोनदा मोजायचं. एकदा चार्जरच्या टोकाला, एकदा फोनच्या टोकाला, दोन्ही वेळा फोन ३० टक्क्यांच्या आसपास आणि चार्जिंग चालू असताना. दोन्हींतल्या व्होल्टमधला फरक म्हणजे केबलने खाल्लेला दाब.

दुकानात आलेली एक केस सांगतो. एक ताई मुलाचा फोन घेऊन आल्या. ५००० एमएएच, दोन वर्षांचा. दुसरीकडे कुणीतरी बॅटरी बदलायला सांगितलेली. चार्जर आणि केबल सोबत आणा म्हटलं, म्हणून पिशवीतून काढली: लांबलचक पांढरी केबल. चार्जरपाशी मीटर ५.१ व्होल्ट दाखवत होता, फोनपाशी ४.४. प्रवाह ०.५ अँपिअर. म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेत गेले, ०.७ भागिले ०.५ बरोबर १.४ ओहम, आणि फोनला मिळत होते २.२ वॉट.

चार्जर तोच ठेवून दुकानातली एक मीटरची जाड केबल लावली. फोनपाशी ४.७ व्होल्ट, १.९ अँपिअर, जवळजवळ ९ वॉट. मग त्या फोनसाठीचा ९ व्होल्टवाला चार्जर लावला: ८.६ व्होल्ट, १.८ अँपिअर, साडेपंधरा वॉट. बॅटरीला हात न लावता सातपट. आता वेळ बघा. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास, गुणिले बॅटरीचे सरासरी ३.८५ व्होल्ट, साधारण १९ वॉट-तास. २.२ वॉटने ते भरायला नऊ तास, तेही फोनने मध्ये काहीच खाल्लं नाही तर. साडेपंधराने सव्वा तास, आणि शेवटच्या वीस टक्क्यांची रखडपट्टी धरून दोनच्या आत.

"पण काका, अ‍ॅपमध्ये साडेतीन हजार एमए दाखवतंय आणि तुमचा मीटर १.८ म्हणतोय," असं मुलाने लगेच विचारलं. चांगला प्रश्न. मीटर फोनच्या बाहेर आहे, तिथे ९ व्होल्ट आहेत. अ‍ॅप बॅटरीच्या तोंडाशी मोजतं, तिथे चारच्या आसपास. फोनच्या आतलं सर्किट दाब उतरवून प्रवाह वाढवतं. वॉट जवळपास तेच राहतात, थोडे उष्णतेत जातात. म्हणून दोन ठिकाणच्या अँपिअरची तुलना करायची नाही, वॉटची करायची.

मीटरवरून निदान असं. चार्जरपाशीच व्होल्ट ४.७ च्या खाली कोसळत असतील तर चार्जर कमकुवत. चार्जरपाशी ठीक पण फोनपाशी अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर केबल. दोन्हीकडे ५ च्या वर, तरी फोन अर्धाच अँपिअर ओढतोय, वेगवेगळ्या चार्जर-केबलवर, पोर्ट साफ, फोन थंड, चार्ज तीस टक्के, अशा वेळी नळच नीट उघडत नाहीये, म्हणजे दोष फोनच्या आत. पोर्टच्या पिना, पोर्ट ज्यावर बसवलेला असतो तो खालचा छोटा सीसी बोर्ड, किंवा चार्जिंग सांभाळणारी चिप म्हणजे चार्जिंग आयसी, यांपैकी काहीतरी.

इथे थांबा

तपास इथवर आला की घरी पुढे जाऊ नका. यूट्यूब बघून मागचं काच-कव्हर उघडताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते बॅटरीला टोचून, आणि टोचलेली लिथियम बॅटरी पेट घेते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वरचे टप्पे करतही बसू नका. मागचं कव्हर फुगलंय किंवा स्क्रीन एका कडेने वर आलीय: फोन चार्जिंगवरून काढा, बंद करा, दाबून बसवू नका, थेट दुकानात न्या. पोर्टपाशी जळका वास किंवा वितळलेलं प्लास्टिक. फोन पाण्यात पडून गेलेला. चार्जिंग चालू असताना धातूच्या कडेला हात लावल्यावर सणसणीत झटका बसतो. दोन पिनांच्या चार्जरवर अगदी हलकी झिणझिण अनेकांना जाणवते, ती चार्जरच्या आतल्या एका छोट्या कपॅसिटरमुळे असते. सणसणीत झटका मात्र त्यामुळे बसत नाही. झटका देणारा चार्जर लगेच काढा आणि पुन्हा वापरू नका, दुसऱ्यालाही देऊ नका.

दुकानात जाताना चार्जर आणि केबल बरोबर घ्या, आणि काय काय बदलून बघितलं ते सांगा. दुरुस्ती करणाऱ्याला आधी जॅक किंवा सीसी बोर्ड बघायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये तो वेगळा सुटा तुकडा असतो आणि स्वस्तात बदलतो. त्यानंतर बॅटरी, आणि चार्जिंग आयसी सगळ्यात शेवटी, कारण तो मुख्य बोर्डावर गरम हवेने काढून बसवावा लागतो आणि त्यात बोर्डच जाण्याचा धोका असतो. फोन उघडायच्या आधीच कुणी आयसी गेला म्हणून सांगितलं, तर मीटर लावून दाखवा म्हणावं.